तांब्याच्या नळीत चुंबक का रेंगाळतो?

एसी बसवणाऱ्या कारागिराकडे पाऊण इंची तांब्याची नळी असते. तिचा एक मीटर लांबीचा सरळ तुकडा घ्यायचा, उभा धरायचा आणि वरच्या तोंडातून निओडिमियमचा एक छोटा चुंबक आत सोडायचा. चुंबक नाण्यासारखा चपटा नको, बुटक्या दंडगोलासारखा हवा: व्यास १२ मिलिमीटर, उंचीही १२ मिलिमीटर, वजन साधारण १० ग्रॅम. नळीची आतली पोकळी १७ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे चुंबकाला चहूबाजूंनी मोकळी जागा मिळते. याच मापाचा पितळेचा तुकडा सोडला, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली आदळतो. चुंबकाला मात्र दहाएक सेकंद लागतात. वरून नळीत डोकावलं, तर तो संथपणे, एकाच चालीने खाली जाताना दिसतो.

पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दोन शंका काढतो. पहिली अशी की चुंबक तांब्याला चिकटत असणार. पण तोच चुंबक नळीला बाहेरून लावून पाहा. तो चिकटत नाही, सोडला की पडतो. (चिकटलाच, तर नळी तांब्याची नाही, लोखंडावर मुलामा चढवून कुणीतरी तुम्हाला बनवलं आहे.) दुसरी शंका हवेची. चुंबकाखाली हवा कोंडली जाते आणि तीच त्याला तोलून धरते, असं वाटतं. मग तेवढ्याच मापाच्या प्लॅस्टिकच्या नळीत तोच चुंबक सोडून बघावा. तिथे तो सरळ पितळेच्या तुकड्यासारखा खाली येतो. म्हणजे हवेचाही दोष नाही आणि चिकटण्याचाही नाही. चुंबक आणि तांबं, दोन्ही असतील आणि त्यातलं एक हलत असेल, तरच हे घडतं.

हे कोडं नवं नाही. पॅरिसचे शास्त्रज्ञ फ्रान्स्वा आरागो यांनी १८२४ च्या सुमारास पाहिलं की होकायंत्राची सुई नुसती डोलायला सोडली तर बराच वेळ डोलत राहते, पण तिच्याखाली तांब्याचा पत्रा ठेवला की ती लवकर शांत होते. त्यांनी उलटंही करून पाहिलं. तांब्याची तबकडी गरगर फिरवली, तर वर टांगलेली सुई तिच्यामागे फिरू लागली. तांब्याला चुंबकत्व नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ही ओढ कुठून येते ते कुणाला सांगता येईना. उत्तर मिळालं १८३१ मध्ये. लंडनमध्ये मायकेल फॅरडे यांनी दाखवलं की तारेच्या वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदललं की त्या वेटोळ्यात वीज वाहू लागते. क्षेत्र किती जोरदार आहे याला इथे महत्त्व नाही, ते बदलतं आहे का आणि किती झपाट्याने, यावर सगळं ठरतं. स्थिर चुंबकाशेजारी तार वर्षभर ठेवली, तरी तिच्यात काही वाहणार नाही.

आता आपल्या नळीकडे येऊ. ही नळी म्हणजे एकावर एक रचून जोडलेल्या तांब्याच्या बांगड्यांची चळत आहे, असं समजू. चुंबक खाली सरकतो आहे. त्याच्या जरा खाली असलेल्या बांगडीच्या दृष्टीने चुंबक जवळ येतो आहे, म्हणजे तिच्यातून जाणारं क्षेत्र वाढतं आहे. त्याच्या जरा वर असलेल्या बांगडीच्या दृष्टीने चुंबक दूर चालला आहे, तिच्यातलं क्षेत्र घटतं आहे. दोन्हींमध्ये बदल आहे, म्हणून दोन्हींत विद्युतप्रवाह गोल फिरू लागतो. ना बॅटरी, ना तार, ना बटण. धातूच्या अंगातच, भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह तयार होतात. यांनाच एडी करंट किंवा भोवरा प्रवाह म्हणतात. १८५५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लेऑन फूको यांनी चुंबकाच्या ध्रुवांमधून तांब्याची तबकडी फिरवली, तेव्हा ती जड जाते आणि तापते असं त्यांना दिसलं. त्यामुळे काही ठिकाणी हे प्रवाह फूकोच्या नावानेही ओळखले जातात.

हे प्रवाह कोणत्या दिशेने फिरतात, यातच सगळी गंमत आहे. विद्युतप्रवाह वाहणारी बांगडी स्वतःच एक चुंबक होते. खालची बांगडी येणाऱ्या चुंबकाला दूर लोटेल अशा दिशेने तिच्यात प्रवाह फिरतो. वरच्या बांगडीत तो उलट दिशेने फिरतो आणि जाणाऱ्या चुंबकाला मागे खेचतो. खालून वर ढकलणं आणि वरून वर ओढणं, दोन्ही जोर एकाच बाजूला, वरच्या दिशेने. चुंबक उलटा करून, दुसरा ध्रुव खाली ठेवून सोडला, तर दोन्ही प्रवाहांच्या दिशा बदलतात, पण जोर वरच राहतो. हा नियम रशियात काम करणाऱ्या हाइनरिश लेन्झ यांनी १८३४ मध्ये मांडला: निर्माण होणारा प्रवाह, ज्या बदलामुळे तो निर्माण झाला त्यालाच विरोध करतो.

निसर्ग एवढा विरोधी पक्षात का बसला आहे, असं कुणी विचारेल. उलटं असतं तर काय झालं असतं, याचा विचार केला की कारण कळतं. समजा खालच्या बांगडीने चुंबकाला दूर लोटण्याऐवजी जवळ ओढलं असतं. मग चुंबकाचा वेग वाढला असता, त्यामुळे प्रवाह वाढला असता, त्यामुळे ओढ वाढली असती आणि वेग आणखी वाढला असता. दहा ग्रॅमचा तुकडा नळीतून बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर पडला असता आणि त्याची ऊर्जा कुठूनच आली नसती. फुकटची ऊर्जा मिळत नाही, म्हणून प्रवाहाला विरोधाचीच दिशा घ्यावी लागते.

मग चुंबक नळीत मध्येच थांबत का नाही? कारण हा ब्रेक वेगावर जगतो. चुंबक जितका जोरात सरकेल, तितकं बांगड्यांमधलं क्षेत्र झपाट्याने बदलतं, तितका प्रवाह जास्त आणि तितका वर ढकलणारा जोर जास्त. वेग दुप्पट तर जोर दुप्पट, इतका सरळ हिशोब आहे. चुंबक थांबला की बदल संपला, प्रवाह संपला, ब्रेकही संपला आणि वजन त्याला पुन्हा खाली नेऊ लागणार. म्हणून तो असा एक वेग गाठतो, जिथे वर ढकलणारा जोर नेमका त्याच्या वजनाएवढा होतो. तिथून पुढे वेग वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

आपल्या मापांचा ढोबळ हिशोब करून पाहू. नळीची भिंत एक मिलिमीटर जाड धरली आणि चुंबक चांगल्या प्रतीचा धरला, तर हा ब्रेक सेकंदाला एक मीटर वेगाला साधारण एक न्यूटन जोर लावतो. १० ग्रॅमचं वजन म्हणजे एक दशांश न्यूटन. तेवढा जोर मिळायला सेकंदाला एक दशांश मीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर वेग पुरतो. एक मीटर नळीला दहा सेकंद लागतात ते असे. हा वेग चुंबक किती वेळात गाठतो? सेकंदाच्या काही शतांश भागात, काही मिलिमीटर खाली जाईपर्यंत. त्यामुळे तो आधी वेगाने पडला आणि मग मंदावला, असं डोळ्याला कधीच दिसत नाही. सोडल्या क्षणापासून तो एका चालीने जाताना दिसतो.

यातल्या विजेचे आकडे मजेशीर आहेत. चुंबकाच्या पुढे-मागे नळीच्या भिंतीत पाच-सहा अँपिअरचा प्रवाह फिरत असतो. घरातल्या छताच्या पंख्यालाही याच्यापेक्षा कितीतरी कमी प्रवाह लागतो. तरी नळी हातात धरल्यावर काहीच जाणवत नाही, कारण हा प्रवाह ढकलणारा दाब एक सहस्रांश व्होल्टपेक्षाही कमी असतो. तांब्याचा विद्युतरोध इतका किरकोळ आहे की एवढ्याशा दाबानेही त्यात भरपूर वीज वाहते. तांबं इथे कामाला येतं ते याच गुणामुळे.

आता स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या आणि त्यावर लाकडाचा चांगला जाड ठोकळा ठेवा, म्हणजे चुंबक काट्यातल्या लोखंडी भागांपासून लांब राहील. ठोकळ्यावर ३० सेंटिमीटरची नळी उभी करा. ठोकळ्याचं वजन वजा केलं तर नळी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरेल. आता वरून चुंबक सोडा. तो नळीत शिरून तिच्या मधोमध तरंगत खाली येत असताना काटा दीडशेऐवजी एकशे साठ दाखवतो आणि तीन सेकंद तिथेच राहतो. चुंबक अजून ठोकळ्यावर टेकलेला नाही, तरी त्याचं सगळंच्या सगळं वजन काट्यावर आलेलं आहे. नळी चुंबकाला जेवढ्या जोराने वर ढकलते, तेवढ्याच जोराने चुंबक नळीला खाली दाबतो. हा प्रयोग मला नळीत डोकावण्यापेक्षाही जास्त पटणारा वाटतो, कारण न दिसणाऱ्या जोराचं माप समोर ग्रॅममध्ये उमटतं.

चुंबक वेग न वाढवता खाली आला, मग उंचीवरून मिळायची ती ऊर्जा गेली कुठे? तांब्यात प्रवाह वाहिला आणि तांबं तापलं. किती तापलं, ते विचारू नका. विचारलंच तर एक मीटर नळीचं तापमान एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाने वाढतं. हात लावून कळण्यासारखं नाही. पण बसच्या किंवा आगगाडीच्या वजनाला असाच ब्रेक लावला, तर हीच उष्णता मुख्य डोकेदुखी होते.

घरी प्रयोग करणाऱ्यांची निराशा बहुधा दोन कारणांनी होते. पहिलं कारण चुंबक. जुन्या लाउडस्पीकरमधला काळा फेराइटचा चुंबक याच मापाचा घेतला, तर त्याची ताकद साधारण एक तृतीयांश असते. ब्रेकचा जोर ताकदीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे तो दहाव्या हिश्श्यावर येतो. असा चुंबक एक मीटर नळीतून दीडेक सेकंदात खाली येतो. फरक आहे, पण डोळे विस्फारायला लावणारा नाही. निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकात आले आणि त्यानंतरच हा प्रयोग शाळाशाळांत पोचू शकला. दुसरं कारण सैल नळी. नळीची भिंत चुंबकापासून जसजशी लांब जाते, तसतसा जोर फार झपाट्याने पडतो. त्रिज्या दुप्पट केली की जोर सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून जाडजूड पण रुंद नळी आणण्यापेक्षा चुंबकाला जेमतेम सैल होईल अशी नळी शोधावी.

चुंबक एकावर एक चढवून लांब केले तर? पातळ चकत्यांनी सुरुवात केली, तर दुसरी-तिसरी चकती चढवल्यावर चळत आणखी सावकाश पडते, वजन वाढूनही. ताकद दुप्पट झाली की जोर चौपट होतो आणि वजन दुप्पटच झालेलं असतं. पण चळतीची उंची नळीच्या व्यासाजवळ पोचली की हा फायदा संपतो. लांब चुंबकाच्या मधल्या भागाजवळच्या बांगड्यांमध्ये फारसा बदल होत नाही. बदल होतो तो दोन टोकांपाशी. त्यामुळे पुढे चढवलेल्या चकत्या नुसतं वजन वाढवतात आणि चळत पुन्हा लवकर पडू लागते.

नळीचा धातू बदलला तर वेग त्याच्या विद्युतरोधाप्रमाणे बदलतो. सगळी मापं तीच ठेवली आणि तांब्यात दहा सेकंद लागले, तर बाजारातल्या अॅल्युमिनियमच्या नळीत सहाएक सेकंद आणि पितळेच्या नळीत तीनेक सेकंद लागतील. म्हणजे हातातली नळी कशाची आहे, हे नुसत्या घड्याळाने सांगता येतं. एसीच्या नळीचं तांबंही अगदी शुद्ध नसतं. जोडकामाला बरं पडावं म्हणून त्यात किंचित फॉस्फरस असतो आणि तेवढ्यानेही ते विजेच्या तारेच्या तांब्यापेक्षा जरा कमी वाहक होतं. उलट, शुद्ध तांब्याची नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये गार केली, तर तांब्याचा रोध सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतो आणि चुंबक अक्षरशः मुंगीच्या पावलाने उतरतो. रोध शून्यावर गेला तरच तो थांबेल, पण ते तांब्याला जमत नाही, त्यासाठी अतिवाहक लागतो.

नळीला वरपासून खालपर्यंत एक उभी चीर पाडली, तर ब्रेक नाहीसा होईल असं वाटतं, कारण बांगड्याच तुटतात. प्रत्यक्षात चुंबक आधीपेक्षा लवकर पडतो, पण मोकळा पडत नाही. चुंबकाखालचा प्रवाह एका दिशेने आणि वरचा उलट दिशेने फिरत होता. आता ते दोन्ही चिरेच्या कडेने एकमेकांना जाऊन मिळतात आणि एकच मोठं वेटोळं पुरं करतात. प्रवाह खरोखर अडवायचा असेल, तर शेजारी शेजारी अनेक चिरा पाडाव्या लागतात. ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडाचा न ओतता एकमेकांपासून विलग केलेल्या पातळ पत्र्यांचा रचतात, तो याचसाठी. तिथे हे प्रवाह नको असतात.

ते हवे असतात अशी एक वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात होती: विजेचा जुना, काळ्या डब्याचा मीटर. काचेमागे त्याची अॅल्युमिनियमची चकती आडवी फिरत असे. घरात जितकी वीज जास्त जळेल, तितक्या जोराने मीटरमधली वेटोळी त्या चकतीला ढकलत. पण नुसतं ढकलत राहिलं तर चकतीचा वेग वाढतच जाईल, एक दिवा लावला तरीही. म्हणून चकतीच्या कडेवर एक कायमचा चुंबक बसवलेला असे. चकती त्याच्या फटीतून फिरली की तिच्यात भोवरा प्रवाह उठत आणि वेगाच्या प्रमाणात तिला रोखत. ढकलणं विजेच्या प्रमाणात आणि रोखणं वेगाच्या प्रमाणात, म्हणून चकतीचा वेग बरोबर विजेच्या प्रमाणात राही. मीटरवर एका युनिटला ६०० फेरे असं लिहिलं असेल, तर शंभर वॅटच्या दिव्यावर चकती मिनिटाला एक फेरा घेई आणि दोन दिव्यांवर दोन.

नळीतला चुंबकही अगदी हेच करतो आणि ते तपासून पाहता येतं. चुंबकाच्या खालच्या तोंडाला दहा ग्रॅमचा पितळेचा बारीक, पोकळीत सैल बसणारा तुकडा चिकटपट्टीने लावा. ताकद तीच, वजन दुप्पट. आता एक मीटर नळीला दहाऐवजी पाच सेकंद लागतील. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगाने पडतात, हे आपण शाळेत घोकलेलं असतं. या नळीत मात्र वेग वजनाच्या सरळ प्रमाणात चालतो. (मोजमापात थोडा फरक पडेल, कारण पितळेच्या तुकड्याने चुंबक तिरका होऊन भिंतीला घासू शकतो. घासल्याचा आवाज आला, तर ती फेरी सोडून द्यावी.)

घरी करून पाहणाऱ्यांनी एवढं सांभाळावं. नळीखाली जाड कापड ठेवा, कारण निओडिमियमचा चुंबक ठिसूळ असतो, फरशीवर पडला की टवके उडतात. दोन चुंबक हातात मोकळे धरू नका, मध्ये सापडलेल्या बोटाची कातडी सोलवटते. पेसमेकर असलेल्या माणसापासून ते लांब ठेवा. आणि घरात लहान मूल असेल, तर प्रयोग झाला की चुंबक मोजून बंद डब्यात ठेवा. मुलाने एकाहून जास्त चुंबक गिळले, तर ते आतड्याच्या भिंती मध्ये पकडून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. तशी नुसती शंका आली, तरी शौचावाटे पडेल म्हणून वाट न बघता त्याच तासाला मुलाला रुग्णालयात न्या.